आरती किती वाजता?

२०२२ च्या गणेश चतुर्थीला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आमचा भाचा ओंकार अंधेरी पश्चिमेच्या एका घरी २१ मोदकांचा डबा घेऊन पोचला. दार उघडलेल्या आजींनी डबा घेतला, काही बोलल्या नाहीत, फक्त आत वळून सुनेला म्हणाल्या, "ठेव गं, रात्री खाऊ." बाप्पाला त्यांनी साखरेचा नैवेद्य दाखवला होता. ओंकारने घरी येऊन मला ते सांगितलं तेव्हा मी मोदकपात्र घासत होते. पैसे परत केले, ते त्यांनी घेतलेही. पण त्या "रात्री खाऊ"ने मला महिनाभर झोप लागू दिली नाही.

आम्ही पार्ले पूर्वेला राहतो. उकडीचे मोदक घरगुती विकायला सासूबाईंनी सुरुवात केली. त्यांच्यानंतर मोठ्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, आणि मी ते चालवतो. संकष्टीला वीस-पंचवीस डबे जायचे, तेही बहुतेक लोक येऊन घेऊन जायचे. करोनानंतर मात्र सगळ्यांना घरपोच हवं झालं, आणि २०२२ ला चतुर्थीच्या एका दिवसासाठी ४१ डब्यांची मागणी आली. आम्ही प्रत्येकाला विचारलं, "किती वाजेपर्यंत हवेत?" ४१ पैकी ३६ जणांनी उत्तर दिलं, "साडेअकरा-बारापर्यंत." आम्ही सगळ्यांना "हो" म्हटलं.

त्या दिवशी काय चुकलं ते मी नंतर वहीत मांडलं, कारण सगळे मला "बायका कमी पडल्या" असंच सांगत होते. बायका कमी पडल्या नव्हत्या. साडेदहाला आमच्याकडे सोळा डबे भरून तयार होते आणि नेणारं कोणी नव्हतं. ओंकार यादीच्या क्रमाने निघाला होता, म्हणजे ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे आधी. पार्ले पूर्व, मग जुहू, परत पूर्वेला सुभाष रोड, मग सांताक्रूझ पश्चिम. रेल्वेचे रूळ त्याने त्या सकाळी पाच वेळा ओलांडले, प्रत्येक वेळी आपला तो कॅप्टन गोरे पूल. मुंबईत दोन घरांमधलं अंतर किलोमीटरने मोजायचं नसतं. मध्ये रूळ आहेत का आणि ओलांडायला जागा कुठे, एवढंच बघायचं असतं. नकाशात अर्ध्या किलोमीटरवर दिसणारं घर पलीकडच्या बाजूला असेल तर सणाच्या दिवशी तिथे पोचायला वीस मिनिटं.

पुढच्या वर्षासाठी माझ्या डोक्यात पहिला प्रकाश पाडला तो गुरुजींनी. श्रावणात सत्यनारायणाला आले होते. मी सहज विचारलं, चतुर्थीला तुम्ही इतकी घरं कशी करता? ते म्हणाले, "मी यजमानाला वेळ विचारतच नाही. मी सांगतो. अमुक सोसायटीत आठ ते दहा, सगळी घरं ओळीने. एका इमारतीत दोनदा चढायचं नाही, हा नियम." आणि घरचा गणपती? "तो पहाटे पाचला बसवून मग बाहेर."

यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे इमारतीत एकदाच चढायचं. दुसरी गुरुजी बोलले नाहीत, पण मला लगेच दिसली: लोकांच्या आरत्या एका वेळी नसतात! गुरुजी ज्या क्रमाने फिरतात त्या क्रमाने असतात. म्हणून २०२३ ला आम्ही प्रश्न बदलला. "मोदक किती वाजता हवेत?" याऐवजी "आरती किती वाजता?" असं विचारायला लागलो. पहिल्या प्रश्नाला सगळे साडेअकरा सांगत. दुसऱ्याला मात्र कोणी साडेआठ, कोणी दहा, कोणी "गुरुजी एकला येणार आहेत" असं सांगू लागले. मागणी आपोआप पसरली. त्यासाठी कोणाला सवलत द्यावी लागली नाही.

मग तीन वेळा ठरवल्या: ७ ते ९, ९ ते ११ आणि ११ ते साडेबारा. प्रश्न उरला तो एका वेळेत किती डबे घ्यायचे हा. वहिनींचं म्हणणं, स्वयंपाकघर जितके देईल तितके. ते आधी मोजलं. पारी करून कळ्या पाडून एक मोदक व्हायला सवयीच्या हाताला सव्वा मिनिट लागतं. चार जणी बसल्या, मध्ये चहा, पाठ सरळ करणं धरलं, तर तासाला १८० मोदक पकडायला हरकत नाही. आमचे डबे ११ चे आणि २१ चे, सरासरी पंधराचा धरला तर तासाला १२ डबे. पहाटे पाचला सुरुवात केली की दर दोन तासांनी २४ डबे निघतात. वाफ काढायचा वेळ यात आड येत नाही, कारण एक घाणा वाफेवर असताना पुढचा वळला जातो. पण वाफेवरून काढलेला मोदक दहा मिनिटं निवू द्यावाच लागतो. गरम असताना झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि खालचे मोदक चिकटतात.

म्हणजे स्वयंपाकघर एका वेळेला २४ डबे देतं. आता रस्ता किती नेतो ते बघू.

आम्ही तीन मार्ग पाडले आणि रूळ ही भिंत मानली. पहिला पार्ले पूर्व, यात हनुमान रोड, दीक्षित रोड, सुभाष रोड आणि आसपास. दुसरा पार्ले पश्चिम ते जुहू. तिसरा अंधेरी पश्चिम, लोखंडवाला आणि वर्सोव्यापर्यंत. सुरुवातीला मी पिनकोडवरून वाटण्या केल्या होत्या, कारण पत्त्यात तो असतोच. पण पिनकोड टपालाच्या सोयीने पाडलेला असतो. ४०००५८ मध्ये अंधेरी स्टेशनलगतची गल्लीही येते आणि आंबोलीची सोसायटीही. शेवटी वहिनी आणि मी एका दुपारी नकाशा घेऊन बसलो आणि प्रत्येक जुन्या गिऱ्हाईकाच्या नावापुढे मार्ग हाताने लिहिला. पन्नास-साठ नावं, तासाभराचं काम.

मग गणपतीआधीच्या संकष्टीला ओंकारला प्रत्येक घराजवळ थांबल्यापासून परत गाडी सुरू करेपर्यंतची वेळ फोनमध्ये टिपायला लावली. "मामी, हे काय ऑफिस आहे का?" असं म्हणाला, पण टिपलं. पार्ले पूर्वेच्या जुन्या तीन मजली इमारतीत, लिफ्ट नसताना, एका डब्याला सरासरी चार मिनिटं. लोखंडवालाच्या टॉवरमध्ये? गेटवर नाव लिहा, वॉचमन वर फोन करणार, मग लिफ्टची वाट, आणि वर गेल्यावर "थांबा हं, सुट्टे आणते." तिथे नऊ मिनिटं. दोन थांब्यांमधला प्रवास दोन्हीकडे चार मिनिटांचाच. म्हणजे पार्ल्यात एक डबा आठ मिनिटांचा आणि लोखंडवालाला तेरा मिनिटांचा.

आता ९ ते ११ ची वेळ घ्या. १२० मिनिटं. यातून जायला आणि परत यायला लागणारा वेळ वजा करायचा, कारण ११ ची खेप न्यायला गाडी घरी हवी. शिवाय दहा मिनिटं गाठीला ठेवायची. पार्ले पूर्वेसाठी जाऊन-येऊन वीस, म्हणजे हातात ९० मिनिटं, आठने भागलं की ११ डबे. पण स्कूटरच्या पेटीत आठच डबे बसतात. मोदकाचे डबे दोनापेक्षा जास्त एकावर एक ठेवता येत नाहीत, खालच्यांची नाकं बसतात. घर जवळ आहे, मध्ये येऊन पुन्हा भरून जा म्हणावं, तर त्या फेऱ्यातच वीस मिनिटं जातात आणि आकडा फिरून आठवरच येतो. म्हणून पार्ले पूर्व आठ. पार्ले पश्चिम आणि जुहूला पूल ओलांडून जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. थांबा आणि प्रवास मिळून अकरा मिनिटांचा एक डबा. १२० मधून चाळीस आणि दहा गेले, सत्तर उरले, सहा डबे. इथे पेटी आडवी आली नाही, वेळ आली.

अंधेरी पश्चिमेला आम्ही रिक्षा ठरवली होती. रिक्षावाले काका खाली थांबणार आणि ओंकारचा मित्र वर जाणार. मागे चौदा डबे आरामात बसतात. मला वाटलं, चला, इथे तरी मोकळीक. हिशेब केला: त्या वर्षी अंधेरीचा गोखले पूल बंद होता, आणि पूर्व-पश्चिम जाणारी अर्धी अंधेरी आमच्या पार्ल्याच्या पुलावर लोटलेली. म्हणून जायला तीस आणि यायला तीस. दहा गाठीला. उरली ५० मिनिटं. तेराने भागा. तीन डबे!

तीन डब्यांसाठी रिक्षा ठरवायची? वहिनी म्हणाल्या, अंधेरी बंद करून टाकू. पण अंधेरीची गिऱ्हाइकं सासूबाईंच्या वेळची, मूळची पार्ल्याचीच, तिकडे राहायला गेलेली. इथे गुरुजींचा नियम कामाला आला. नऊ मिनिटांच्या थांब्यात गेट, वॉचमन आणि लिफ्ट यांचीच चार मिनिटं जातात, वर प्रवासाची चार. त्याच सोसायटीत दुसरा डबा असेल तर ही आठही मिनिटं पुन्हा लागत नाहीत, फक्त वरची पाच लागतात. म्हणजे एका सोसायटीत तीन डबे असतील तर तेरा, पाच, पाच, मिळून तेवीस मिनिटं. अशा दोन सोसायट्या केल्या तर ४६ मिनिटांत सहा डबे. त्याच पन्नास मिनिटांत विखुरलेले तीन किंवा गटाने सहा.

त्या दिवशी आम्ही डबे मोजणं सोडलं आणि मिनिटं मोजायला लागलो. लोखंडवालाला पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला हवी ती वेळ मिळते. मग त्याच सोसायटीतून दुसरा फोन आला की आम्ही म्हणतो, "तुमच्या इमारतीत ९ ते ११ मध्ये येतोच आहोत, ती चालेल का?" आरती त्याआधी नसेल तर दहापैकी आठ जण हो म्हणतात. आणि एखाद्या भागात कोणीच नसताना पहिला एकटा डबा आला तर त्याला लगेच होकार देत नाही. "दोन दिवसांत कळवते" म्हणायचं, आणखी दोन मिळाले तर फेरी निघते, नाही तर येऊन घेऊन जा. यावर लोक चिडतात. चिडू देत. तोंडावर होकार देऊन दोन वाजून वीस मिनिटांनी पोचण्यापेक्षा बरं.

एक गंमत इथे सांगते. ११ ते साडेबारा ही वेळ अर्ध्या तासाने लहान आहे, पण अंधेरीसाठी तिच्यातही पन्नासच मिनिटं मिळतात. शेवटची फेरी, परत कधी का येईनात. यायची तीस मिनिटं वजा करायचीच नाहीत. वहिनींना हे पटवायला मला दोन चहा लागले.

हे सगळं आधी वहीत होतं, मग गुगल शीटमध्ये आणलं. वेळेचं नाव मी "7-9", "9-11" असं टाकलं, तर शीटने त्याची तारीखच करून टाकली. म्हणून वेळांना S1, S2, S3 अशी नावं दिली आणि अंधेरी पश्चिमेला AW. शिल्लक मिनिटं दाखवणारं सूत्र एवढंच:

```
=50-SUMIFS(Orders!G:G,Orders!D:D,"S2",Orders!E:E,"AW",Orders!F:F,"<>cancel")
```

D मध्ये वेळ, E मध्ये मार्ग, F मध्ये स्थिती, G मध्ये त्या डब्याची मिनिटं. स्थिती तीन: धरलेला, पक्का आणि रद्द. रद्दसाठी cancel लिहितो. धरलेला म्हणजे पैसे यायचे आहेत, पण जागा अडवलेली आहे. दोन तासांत पैसे आले नाहीत तर जागा मोकळी. हे "धरलेला" नव्हतं तेव्हा शेवटची एकच जागा मी व्हॉट्सॲपवर एकाला दिली आणि त्याच पाच मिनिटांत वहिनींनी फोनवर दुसऱ्याला दिली होती. दोघंही सुशिक्षित, दोघांनीही स्क्रीनशॉट पाठवले. तेव्हापासून शीटमध्ये लिहिणार एकट्या वहिनी. मी फक्त मेसेज पुढे पाठवते आणि त्यांनी "लिहिलं" म्हटल्याशिवाय गिऱ्हाईकाला हो म्हणत नाही.

एवढं करून २०२३ च्या चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, आम्ही एकदा गडबडलोच. चूक इतकी बारीक होती की सापडायला आठवडा गेला. अंधेरी पश्चिमेची ९ ते ११ ची फेरी बरोबर वर सांगितली तशी भरली होती: दोन सोसायट्या, तीन-तीन डबे, शीटमध्ये ४६. आदल्या दिवशी सकाळी एका सोसायटीतला एक डबा रद्द झाला, त्यांच्याकडे सुतक आलं. तो त्या सोसायटीतला पहिला नोंदवलेला डबा होता, म्हणून त्याच्यापुढे १३ लिहिलेले. रद्द होताच शीटने १३ मिनिटं मोकळी केली, बेरीज ३३ झाली आणि १७ शिल्लक दिसली. वहिनींनी लगेच वर्सोव्याचा एक नवा डबा घेतला, तेरा मिनिटांचा. शीट पुन्हा ४६. सगळं हिरवं.

पण त्या सोसायटीत अजून दोन डबे होतेच. वॉचमन, गेट, लिफ्ट काही रद्द झालं नव्हतं. त्यांची खरी मिनिटं पाच आणि पाच नव्हती, तेरा आणि पाच होती. खरी बेरीज ५४, म्हणजे मर्यादेच्या चार वर. चार मिनिटं काय, गाठीला दहा आहेत म्हणावं, तर त्याच सकाळी एका टॉवरचा इंटरकॉम बंद, वॉचमन कोणाला वर सोडेना. गाठीची दहा मिनिटं तिथेच संपली. रिक्षा अकराऐवजी अकरा वाजून सतरा मिनिटांनी घरी आली, आणि पुढची फेरी तितक्याच उशिरा निघाली. शेवटच्या घरी डबा साडेबाराऐवजी बारा पन्नासला पोचला. त्यांची आरती एकला होती म्हणून निभावलं.

यातून मला कळलं की बिघाड जिथे होतो तिथे दिसत नाही. ९ ते ११ मध्ये सगळ्यांना डबे वेळेत मिळाले होते, कोणाची तक्रार नव्हती. उशीर दिसला तो पुढच्या वेळेत. म्हणून आता मी डबा कधी पोचला हे फारसं बघत नाही, गाडी परत कधी आली ते बघते. दारामागे एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर निघाल्याची आणि परतल्याची वेळ. ७ ते ९ ची गाडी नऊ वाजून पाच मिनिटांच्या पुढे आली की मी ९ ते ११ च्या शेवटच्या दोन घरांना तेव्हाच फोन करते. दोन तास आधी सांगितलं की कोणी रागावत नाही. उशीर झाल्यावर फोन केला की सगळे रागावतात.

शीटमधली दुरुस्ती सोपी होती. मिनिटं डब्यापुढे लिहायचीच नाहीत. प्रत्येक सोसायटीची एक वेगळी ओळ: त्यात आठ मिनिटं, प्रवासाची आणि गेटची. खाली डब्यांच्या ओळी, प्रत्येकी पाच. डबा रद्द झाला तर पाचच मोकळी होतात. सोसायटीतला शेवटचा डबा रद्द झाला तरच वहिनी आठाची ओळ हाताने cancel करतात. आणि चतुर्थीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी सहाला नोंदणी बंद. त्यानंतर रद्द झालेल्या जागी नवीन कोणी घ्यायचा नाही, ती मिनिटं गाठीला जमा. कोणत्या घरी आधी जायचं तो क्रमही त्यानंतरच लावायचा. गिऱ्हाईकाला आम्ही "९ ते ११ मध्ये" एवढंच सांगतो, "साधारण पावणेदहा" असं कधीच नाही. एकदा पावणेदहा म्हटलं की तो माणूस पावणेदहाला दारात उभा असतो आणि क्रम बदलायची आपली मुभा जाते.

२०२४ च्या फेब्रुवारीत गोखले पुलाची एक बाजू उघडली, २०२५ च्या मे महिन्यात पूर्ण पूल. दोन्ही वर्षी मला वाटलं, अंधेरीची जायची वेळ तीसवरून वीसवर येईल. २०२५ च्या चतुर्थीआधी ओंकारला दोन रविवारी सकाळी स्कूटरने पाठवलं, एकदा २१ मिनिटं आणि एकदा १९. तरी शीटमध्ये मी २५ च ठेवली, कारण रविवारची सकाळ आणि चतुर्थीची सकाळ यांत मूर्ती घेऊन चाललेल्या टेम्पोंचा फरक असतो. जाण्या-येण्याची मिळून दहा मिनिटं सुटली. आणखी दोन डबे बसले, पण त्याच सोसायट्यांमध्ये असले तरच. नवी सोसायटी घेतली तर तिथला एकच डबा बसतो.

त्या वर्षी ६३ डबे गेले. स्वयंपाकघर बहात्तर देऊ शकत होतं. नऊ डब्यांचं सारण उरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी करंज्या केल्या. वहिनी अजूनही त्या नऊ डब्यांवरून मला बोलतात. "एक स्कूटर वाढव," म्हणतात. मी म्हटलं, वाढवते, पण ती पार्ले पूर्वेला नाही, जुहूला. पार्ले पूर्वेला ११ ते साडेबारा सोडली तर आठच्या आठ जागा कधी भरतच नाहीत, आणि जुहूच्या सहा नोंदणी सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संपतात. जुहूला टॉवर किती आणि बंगले किती ते ओंकारने अजून टिपलेलं नाही. येत्या संकष्टीला त्याला पुन्हा वेळा टिपायला लावणार आहे.